वहीतला १.४०

दीड वर्षापूर्वी माझ्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने विषय बदलून मागणारं पत्र दिलं. ती तेव्हा पहिल्या वर्षाला होती. एम.एस्सी. आमच्याच विभागातून केलेलं, हात चांगला, नोंदी नेटक्या. विषय ठरला होता तांब्याच्या काही संयुगांचे चुंबकीय गुणधर्म. पत्रात तिने लिहिलं होतं की तिला आता क्वांटम इन्फर्मेशनवर काम करायचं आहे. पुढे राष्ट्रीय क्वांटम मिशनचा उल्लेख होता, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींचा आकडा होता, क्वांटम संगणक काय काय करू शकेल याचे दोन परिच्छेद होते आणि शेवटी विनंती होती.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि परत दिलं. त्यातली एकही गोष्ट चूक नव्हती, पण ते पत्र भौतिकशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने कुठल्याही प्राध्यापकाला लिहिलं असतं तरी चाललं असतं. ते तिनेच का लिहिलं, मलाच का लिहिलं, आणि आमच्या प्रयोगशाळेत बसून ती नेमकं काय करणार, हे त्यात कुठेच नव्हतं. मी समासात पेन्सिलीने एक ओळ लिहिली: ‘पहिल्या महिन्यात काय मोजशील?’

तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. हा लेख त्या दुसऱ्या पत्राबद्दल आहे, आणि तिच्या परवानगीने लिहिला आहे. त्याची सुरुवात अशी होती:

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या वहीत सापडलं. कॉपर ॲसिटेटचं चुंबकीय आघूर्ण आपण गुई बॅलन्सवर काढलं होतं. उत्तर १.४० आलं होतं. अपेक्षित किंमत १.७३ च्या वर असते. मी तेव्हा निष्कर्षात “दोन तांब्यांमधील आंतरक्रियेमुळे किंमत कमी” असं लिहिलं आणि तुम्ही सही केलीत. आता मला वाटतं की त्या आकड्यात याहून जास्त काही आहे. हा आकडा पुरेसा काटेकोर असेल, तर त्याच्यावरून हे सिद्ध करता येतं की मिठाच्या नळीतली तांब्याची जोडपी साध्या खोलीच्या तापमानाला एकमेकांत गुंतलेली आहेत. मला हे नीट सिद्ध करायचं आहे.’

हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठले आणि कपाटातून कॉपर ॲसिटेटची बाटली काढून टेबलावर ठेवली. निळसर हिरवे स्फटिक. रसायनशास्त्राच्या कुठल्याही विभागात ही बाटली असते. त्यात काय घडतं ते सांगितल्याशिवाय पत्राचं मोल कळणार नाही.

तांब्याच्या द्विभारित आयनावर एक इलेक्ट्रॉन एकटा, बिनजोडीचा असतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन एका इवल्या चुंबकासारखा वागतो. त्याच्या या गुणाला स्पिन म्हणतात. बहुतेक क्षारांत हे तांब्याचे आयन एकमेकांपासून दूर असतात आणि आपापल्या परीने वागतात. कॉपर ॲसिटेटमध्ये मात्र दोन तांबे अगदी जवळ, सुमारे २.६ अँगस्ट्रॉमवर, चार ॲसिटेटांच्या पुलांनी बांधलेले असतात. म्हणजे चुंबकांची जोडी, आणि जोडीतले दोघं एकमेकांच्या उलट दिशेने राहू पाहतात. १९५२ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्लीनी आणि बॉवर्स यांनी या जोडीचं गणित मांडलं. ते आजही एम.एस्सी.च्या पुस्तकांत त्यांच्याच नावाने शिकवलं जातं.

जोडीला दोन प्रकारच्या अवस्था असतात. सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेत दोन्ही स्पिन एकमेकांना पूर्णपणे पुसून टाकतात. तिला सिंगलेट म्हणतात. त्याच्या वर तीन अवस्थांचा एक गट असतो, त्याला ट्रिपलेट म्हणतात, आणि चुंबकत्व दिसतं ते या गटामुळे. दोहोंमधलं अंतर तापमानाच्या भाषेत सांगायचं तर सुमारे ४१५ केल्विन आहे. खोलीचं तापमान ३०० केल्विन. त्यामुळे खोलीत बऱ्याच जोड्या खालच्या सिंगलेटमध्ये असतात, काही उष्णतेने वर ढकललेल्या असतात, आणि तुम्ही मोजता ती या दोन्हींची सरासरी.

सिंगलेट ही क्वांटम जगातली सर्वांत निखळ गुंतलेली अवस्था आहे. भौतिकशास्त्रज्ञ याला एंटँगलमेंट म्हणतात. ‘हा वर, तो खाली’ असं म्हणून तिचं वर्णन होत नाही. जोडीतल्या कुणाही एकट्याला कोणतीच दिशा नसते. दिशा कुठलीही निवडा, दोघांची बेरीज मात्र नेमकी शून्य. जोडीबद्दल सगळं माहीत आहे आणि त्यातल्या प्रत्येकाबद्दल काहीच माहीत नाही, अशी ती अवस्था आहे.

पण उष्णतेने ढवळलेल्या मिश्रणात हे गुंतलेपण उरतं का? मी स्वतः वर्गात मुलांना सांगत आले होते की क्वांटमचे हे नाजूक खेळ अतिथंड तापमानाला होतात, गरम केलं की मोडतात. ढोबळ नियम म्हणून ते बरोबर आहे. पण किती गरम, हा प्रश्न प्रत्येक पदार्थाला वेगळा विचारावा लागतो, आणि तिने तो विचारला होता.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तिने जो युक्तिवाद मांडला तो मला आजही फार आवडतो, कारण तो समजायला कॅल्क्युलस लागत नाही. मूळ कल्पना विएस्नियाक, वेद्राल आणि ब्रुकनर या तिघांची, २००५ मधली. मी ती माझ्या शब्दांत सांगते.

एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनची लांबी, वर्गात धरली तर, पाऊण असते. तो स्पिन कुठल्याही एकाच दिशेला निश्चित असू शकतो, आणि त्या निश्चितीचा वर्ग फार तर पाव. म्हणजे पाऊणातला पाव निश्चित आणि उरलेला अर्धा कायम थरथरत राहणार. ही थरथर उष्णतेची नव्हे, निरपेक्ष शून्यालाही ती थांबत नाही. आता एकमेकांत न गुंतलेले दोन स्पिन घ्या. एक वर, एक खाली असे कितीही शिस्तीत उभे करा. वर-खाली दिशेत त्यांची बेरीज शून्य होईल, पण आडव्या दोन दिशांतली प्रत्येकाची थरथर स्वतंत्र आहे, म्हणून ती एकमेकींना पुसत नाही, तिची बेरीजच होते. प्रत्येकी निदान अर्धा उरतोच. पूर्ण मोकळ्या, कसलंही बंधन नसलेल्या स्पिनांत हा आकडा पाऊण असतो. अर्धा आणि पाऊण यांचं गुणोत्तर दोन तृतीयांश.

आणि थरथरीची ही एकूण बेरीज मोजायला स्पिनांपर्यंत पोहोचावं लागत नाही. क्षार चुंबकाजवळ नेला की तो किती ओढला जातो, याला चुंबकीय ग्रहणशीलता म्हणतात, आणि तिला तापमानाने गुणलं की मिळणारी संख्या त्या थरथरीच्याच प्रमाणात असते. तेव्हा नियम असा ठरतो: मोकळ्या स्पिनांसाठी अपेक्षित असलेल्या किंमतीच्या दोन तृतीयांशाहूनही तुमचं मोजमाप खाली गेलं, तर न गुंतलेल्या स्पिनांनी त्याचं स्पष्टीकरण देता येत नाही. नमुना भुकटीचा असला तर तीनही दिशांची सरासरी आपोआप मिळते, आणि नियमाला तीच हवी असते. एरवी भुकटी म्हणजे नाइलाज, एकच मोठा स्फटिक हवा असं आम्ही धरून चालतो. इथे भुकटीच सोयीची ठरते.

आता तिच्या वहीतला आकडा घ्या. आघूर्णाचा वर्ग ग्रहणशीलतेच्या प्रमाणात असतो. या संयुगातल्या तांब्याचा ‘जी’ नावाचा गुणांक इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सच्या मोजमापांवरून सुमारे २.१६ येतो. त्यावरून मोकळ्या तांब्याचं आघूर्ण १.८७ बोर मॅग्नेटॉन असायला हवं. त्याच्या वर्गाचा दोन तृतीयांश घेऊन वर्गमूळ काढलं की १.५३. ही लक्ष्मणरेषा. वहीतला आकडा १.४०, रेषेच्या बऱ्यापैकी खाली. वर्गांचं गुणोत्तर काढलं तर ०.५६, आणि हवं होतं ०.६७ पेक्षा कमी. ब्लीनी-बॉवर्सच्या सूत्राने ३०० केल्विनला हे गुणोत्तर ०.५७ येतं. म्हणजे वही आणि सूत्र एकमेकांना दुजोरा देतात.

त्याच सूत्राने तिने हेही काढलं होतं की रेषा कोणत्या तापमानाला ओलांडली जाईल. सिंगलेटचं प्रमाण बरोबर निम्म्यावर येतं तिथे गुंतलेपण संपतं, आणि ते तापमान म्हणजे ४१५ भागिले तीनचा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे सुमारे ३७८ केल्विन. आपल्या मापात १०५ अंश सेल्सिअस. उकळत्या पाण्यात बाटली बुडवली तरी आतली जोडपी गुंतलेलीच राहतील, असं हे गणित सांगतं.

एखादी विद्यार्थिनी इथे थांबली असती, तर मी खूश होऊन तरीही नकार दिला असता. सुंदर निष्कर्ष सगळ्यांनाच दिसतात. तिचं तिसरं पान हे माझ्या होकाराचं कारण आहे. त्यावर तिने स्वतःच्याच आकड्याला आडवे प्रश्न विचारले होते.

पहिला प्रश्न ‘जी’चा. पाठ्यपुस्तकात सोपेपणासाठी ‘जी’ दोन धरतात. तसं धरलं तर मोकळ्या तांब्याचं आघूर्ण १.७३ आणि रेषा १.४१ वर येते. मग १.४० आणि १.४१ यांत फरक तो काय? गुई बॅलन्सची चूकच काही टक्क्यांची असते. नळीत भुकटी किती घट्ट दाबली एवढ्यावर उत्तर हलतं. तेव्हा सगळा निष्कर्ष ‘जी’ किती धरला यावर उभा आहे. तिने लिहिलं होतं: ‘सोयीचा जी मोठा आहे. म्हणून जी मी माझ्या नमुन्यावरच मोजून घेईन आणि त्याच्या चुकीच्या मर्यादेतली सर्वांत लहान किंमत वापरेन.’ ईएसआरचं यंत्र आमच्याकडे नाही. त्यासाठी तिने दुसऱ्या संस्थेत नमुने पाठवायचा वेळ आराखड्यात धरला होता.

दुसरा प्रश्न याहून घातक, कारण तो चुकीला बरोबर दाखवतो. प्रत्येक पदार्थात, त्यात एकटे इलेक्ट्रॉन असोत वा नसोत, चुंबकाला किंचित दूर लोटण्याचा गुण असतो. तो वजनाच्या काट्यावर तांब्याच्या ओढीतून वजा होतो. कॉपर ॲसिटेटमध्ये ॲसिटेट आणि पाणी मिळून ही वजावट एकूण ओढीच्या जवळजवळ एक दशांश भरते. ती परत मिळवायला विसरलं की १.४० च्या जागी १.३३ दिसतं. म्हणजे एक विसरभोळा विद्यार्थी ‘जी’ दोन धरूनही १.४१ च्या खाली जाईल आणि गुंतलेपण सिद्ध झालं म्हणून आनंदाने नाचेल. ही चूक ओळखायची खूण तिने दिली होती: दुरुस्ती न केलेला निकाल थंड तापमानाला शून्याच्याही खाली, ऋण किंमतीत जातो. जोडीतले सगळे तांबे गप्प झाले की उरते ती फक्त दूर लोटण्याची ताकद.

तिसरा प्रश्न अशुद्धीचा. नमुन्यात थोडे तांबे जोडीशिवाय एकटे असतात. ते ओढ वाढवतात, म्हणजे गुंतलेपण झाकतात. ही चूक उलट बाजूची. तिने खोटा दावा उभा राहत नाही, पण खरा दावा कमजोर होतो. त्यावर तिचा उपाय द्रव नायट्रोजनचा होता. ७७ केल्विनला जोडीतल्या तांब्यांची ओढ मोकळ्या किंमतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरायला हवी. त्याहून जास्त जे काही मोजलं जाईल ते एकट्या तांब्यांचं. म्हणजे एका फ्लास्कभर नायट्रोजनमध्ये नमुन्याची शुद्धता कळते. ही युक्ती चुंबकीय रसायनशास्त्रात जुनीच आहे, पण ती कुठे लागेल हे तिने स्वतः ओळखलं.

याच पानाच्या तळाशी, हे काम काय नाही, तेही तिने लिहिलं होतं. ‘हा क्वांटम संगणक नाही. या जोड्यांतल्या एकाही तांब्याला मी वेगळं हात लावू शकत नाही. जोडपी गुंतलेली आहेत एवढंच मी म्हणू शकेन, त्यांचा उपयोग करू शकणार नाही.’ त्यापुढे एक गोष्ट होती जी मी तिला शिकवलेली नव्हती. गुंतलेपणाची सर्वांत प्रसिद्ध कसोटी जॉन बेल यांची, १९६४ मधली. पण गुंतलेली प्रत्येक अवस्था बेलची कसोटी मोडतेच असं नाही, हे १९८९ मध्ये राइनहार्ड वेर्नर यांनी दाखवून दिलं. त्यांनी वापरलेलं उदाहरण म्हणजे सिंगलेटमध्ये मिसळलेला निव्वळ गोंधळ. आणि तापमानाने ढवळलेली आपली तांब्याची जोडी गणिताने अगदी तशीच अवस्था आहे. गुंतलेपण ३७८ केल्विनपर्यंत टिकतं. बेलच्या कसोटीचं नेहमीचं रूप मात्र, तिच्या हिशेबाप्रमाणे, सुमारे १७५ केल्विनच्या खालीच मोडतं. मधल्या दोनशे अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे आपण राहतो त्या तापमानात, जोडपी गुंतलेली आहेत आणि तरी ही कसोटी त्यांना ओळखत नाही. वेर्नर यांच्या अमूर्त वाटणाऱ्या निबंधाला बाटलीतल्या मिठात जागा सापडली होती.

हे काम नवं आहे का, असं आमच्या समितीतल्या एका सहकाऱ्याने विचारलं. रास्त प्रश्न होता, आणि पत्रात त्याचं प्रामाणिक उत्तर होतं: मुळातली कल्पना नवी नाही. कॉपर नायट्रेटची ग्रहणशीलता बर्जर आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मोजली. तेव्हा त्यांच्या मनात गुंतलेपण असण्याचं कारण नव्हतं, क्वांटम इन्फर्मेशन हा विषयच जन्मला नव्हता. २००६ मध्ये ब्रुकनर, वेद्राल आणि त्सायलिंगर यांनी तेच जुने आकडे उघडले आणि दाखवलं की सुमारे ५ केल्विनच्या खाली ते गुंतलेपणाशिवाय समजावताच येत नाहीत. न्यूट्रॉनच्या वेगळ्या प्रयोगाच्या आकड्यांतूनही त्यांना तेच तापमान मिळालं. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसरमध्ये चिरंजीब मित्रा यांच्या गटाने कॉपर नायट्रेटवर असंच काम केलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. तांब्याच्या कार्बोक्सिलेटांत गुंतलेपण खोलीच्या तापमानाच्या वर जातं, हेही प्रसिद्ध आहे. म्हणून तिला कॉपर ॲसिटेटवर थांबायचं नव्हतं. ते तिचं सरावाचं संयुग होतं, पद्धतीतल्या चुका बाहेर काढायला. खरा प्रश्न तिच्या मूळ विषयातल्या संयुगांचा होता. त्यांत तांबे दोनाऐवजी तीन किंवा चार एकत्र असतात. तिथे ब्लीनी-बॉवर्सचं सोपं सूत्र लागू होत नाही, पण दोन तृतीयांशाचा नियम स्पिन कितीही असले तरी चालतो.

तिच्या पत्रातलं हे वळण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. विषय बदलून मागणारी मुलं बहुतेकदा आधीचं काम जुन्या कपड्यांसारखं टाकून द्यायला निघालेली असतात. हिने संयुगं तीच ठेवली, बॅलन्स तोच ठेवला, वहीसुद्धा तीच. बदलला तो फक्त आकड्यांना विचारायचा प्रश्न. तिच्या अर्जात मागितलेलं नवं साहित्य अर्ध्या पानात मावत होतं.

एक दोष मात्र पत्रात राहिला होता आणि तो मीच दाखवला. थरथर आणि ग्रहणशीलता यांचं नातं तेव्हाच अचूक असतं, जेव्हा एकूण चुंबकत्व हे ऊर्जेच्या गणिताशी पटून असतं. तांब्यात ‘जी’ दिशेप्रमाणे बदलतो, उभ्या दिशेत २.३ च्या वर आणि आडव्यात २.१ च्या खाली, त्यामुळे हे नातं तंतोतंत राहत नाही. कॉपर ॲसिटेटमध्ये जोडीची पकडच इतकी मोठी आहे की या फरकाने निकाल उलटणार नाही, असा माझा अंदाज होता. पण तीन-चार तांब्यांच्या संयुगांत पकड कमी असते, आणि तिथे अंदाजावर भागणार नाही. रेषा किती सरकते हे काढून दाखव, मग पुढे जा, असं मी तिला सांगितलं. पहिले चार महिने तिने त्यातच घातले.

१०५ अंशांची ती ओलांडणीही प्रत्यक्ष बघायचा तिचा हट्ट होता. तो मी मोडला. कॉपर ॲसिटेट त्याच सुमारास आपलं पाणी सोडायला लागतं. नमुन्याचं वजन बदलतं, आणि गुई बॅलन्सवर वजन हेच तर सर्वस्व. मग तुम्ही गुंतलेपण संपताना पाहिलं की वाफ उडताना, हे सांगता येणार नाही. तिने ८० अंशांपर्यंत मोजायचं ठरवलं आणि पुढचा भाग आलेखात तुटक रेषेने दाखवला. शोधनिबंधाच्या आराखड्याचं शीर्षक आम्ही दोघींनी बसून बदललं. ‘तांब्याच्या संयुगांचे चुंबकीय गुणधर्म’ हे शब्द तसेच राहिले, पुढे ‘व त्यांतील क्वांटम गुंतलेपणाची कसोटी’ एवढी भर पडली. संशोधन समितीकडे अर्ज गेला तेव्हा तिने सोबत एम.एस्सी.च्या वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. माझी जुनी सही त्यावर होतीच.

गेल्या महिन्यात तिचा ईएसआरचा निकाल आला. तिच्या नमुन्याचा ‘जी’ चुकीची मर्यादा धरूनही २.१ च्या वर आहे. त्या किंमतीला रेषा जवळजवळ १.४९ वर येते. नायट्रोजनचं मोजमाप पुढच्या आठवड्यात आहे.